एका ताग्यातली माणसं

आमच्या लहानपणी दिवाळी जवळ आली की वडील एक तागा घरी आणीत. उभ्या रेघांचं निळसर पॉपलिन असे ते. मग शिंपी येई, ओटीवर बसून आम्हा चौघा भावांची मापं घेई, आणि पाडव्याच्या दिवशी आम्ही चौघेही एकाच कापडाचे सदरे घालून काळारामाच्या दर्शनाला निघत असू. त्यात वडिलांची काटकसर होती आणि थोडी शिस्तही होती, परंतु चौथीत असताना पंचवटीतल्या एका वात्रट गृहस्थांनी आम्हाला थांबवून, "काय रे, आज कुणाच्या वरातीत वाजवायचंय?" असं विचारलं, आणि तेव्हापासून एकसारखे कपडे घातलेली माणसं दिसली की मला त्यांच्या हातात क्लॅरिओनेट दिसू लागतं.

ही जुनी गोष्ट आठवायचं कारण आमची भाची. माझी धाकटी बहीण, म्हणजे आमच्या घरचं शेंडेफळ, तिची ही एकुलती एक मुलगी. बहिणीला जाऊन आता चार वर्षं झाली. भाचीचं लग्न ठरलं, मुलगा पुण्याचा, बोलायला कमी आणि हसायला बरा. लग्नाआधी दोघांचे फोटो काढायचे, त्याला 'प्री-वेडिंग' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. गोदाघाटावर सकाळी फिरायला गेलं की अशी दोन-तीन जोडपी रोज भेटतात. दोघांच्या अंगावर एकच रंग, पायांत एकच रंग, आणि मागे एक इसम चांदीसारखी तकतकीत तबकडी धरून उभा. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली; तेव्हा या रंगांकडे पाहून मनात काही ना काही येतं, पण ते मी मनातच ठेवीत असे.

एके दिवशी संध्याकाळी दोघं घरी आली. भाचीनं पिशवीतून आईची पैठणी काढली आणि तिच्याशेजारी एक नवा कोरा झब्बा ठेवला.

"मामा, बघ ना कसं म्याचिंग जमलंय! तीन दुकानं पालथी घातली."

पैठणी मोरपंखी. बहिणीच्या लग्नात, १९९२ साली, येवल्याला जाऊन आम्ही ती घेतली होती. झब्बाही मोरपंखी. दिवाणखान्यातल्या दिव्याखाली खरोखरच दोन्ही एका ताग्यातली वाटत होती. माझ्या बायकोनं काही न बोलता दोन्ही कपडे उचलले आणि सकाळी सातला आम्ही दारात येऊ तेव्हा पाहू, असं सांगून कपाटात ठेवून दिले.

पूर्वी बायका दुकानात साडीवर पोलक्याचं कापड पसंत केलं की ते घेऊन दुकानाच्या दारात जात. दुकानदार कुरकुरे, पण जाऊ देई. त्या उगीच जात नसत. रेशमाला दिलेला रंग वेगळा असतो, गिरणीच्या कृत्रिम धाग्याला दिलेला वेगळा. एका दिव्याखाली दोघांचं मिश्रण डोळ्याला सारखं दिसतं, आणि दिवा बदलला की दोघं आपापल्या वाटेनं जातात. दुसऱ्या दिवशी उन्हात तसंच झालं. पैठणी होती तशी राहिली आणि झब्बा निळाजांभळा झाला. अगदी वेगळा झाला असता तरी चाललं असतं; तो 'जवळजवळ तसाच' झाला, आणि जवळजवळ तसाच रंग म्हणजे चुकलेला रंग. पेटीच्या शेजारच्या दोन सुरांवर एकदम बोट पडावं तसं ते दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं, यांना सारखं घालायचं होतं, पण साधलं नाही.

मी भाचीला म्हटलं, "अगं, दिवा सारखा असता तरी हे जुळणार नव्हतं. या साडीला एक रंगच नाही, तर तू जुळवणार कशाशी?"

तिला ते पटेना. तेव्हा मी पदराच्या शेवटच्या दशीतला एक धागा आणि आतल्या बाजूनं सुटलेला एक आडवा धागा चिमटीत धरून तिच्या तळहातावर ठेवला. उभा धागा निळा होता, आडवा हिरवा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन विणलं की कापड धूपछाव होतं. समोरून पाहिलं की एक रंग, निरी वळली की दुसरा. मोरपंखी नावाचा रंग त्या साडीत कुठेच नव्हता. होता निळा आणि हिरवा यांचा संसार. भाची बराच वेळ ते दोन धागे पाहत राहिली. मग म्हणाली, "आई नेसली की कधी निळी वाटायची, कधी हिरवी. मला वाटायचं मलाच नीट आठवत नाहीये."

त्यावर आम्ही कोणीच काही बोललो नाही. जावईबापूंनी मात्र, हा मुलगा बोलतो कमी पण नेमकं बोलतो, हळूच विचारलं, "मग मामा, मी नुसता निळा घातला तर? म्हणजे त्यांच्या साडीतला ताणा?"

कल्पना मला फारच आवडली. इतकी आवडली की मी पुढचा विचारच केला नाही. मेनरोडवर जाऊन आम्ही गडद निळं जाकीट आणलं, या वेळी दारात नेऊन, उन्हात धरून. रंग उत्तम होता. दोघांना गच्चीवर उभं केलं आणि भाचीच्या मोबाईलवर फोटो काढला. सगळ्यांनी वाहवा केली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि मला माझ्या लग्नाचा फोटो आठवला.

आमचं लग्न १९७५ सालचं. फोटो अर्थातच काळापांढरा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही स्टुडिओत जाऊन काढून घेतला. मी कोटात, ही शालूत, मधे अंतर फक्त कागदी फुलांच्या कुंडीएवढं, तेही शेवटी कॅमेरावाल्यानं कुंडी उचलून कमी केलं. फोटो आला तेव्हा आमची दोन डोकी स्वतंत्र होती आणि मानेखाली आम्ही एकच माणूस होतो. माझा कोट आणि हिचा शालू यांचे रंग अगदी निराळे होते, पण दोन्हींचा काळेपणा सारखा; फिल्मनं दोघांना एकच करडा दिला. माझा हात कुठे संपतो आणि हिचा खांदा कुठे सुरू होतो ते आजही सांगता येत नाही.

मी भाचीला म्हटलं, "या फोटोतला रंग काढून टाकता येतो का तुझ्या यंत्रात?" तिनं एक बोट फिरवलं आणि चित्र करडं झालं. पाहतो तो काय, पन्नास वर्षांपूर्वीचा आमचाच फोटो! निळं जाकीट आणि मोरपंखी साडी यांचा एक गोळा झाला होता. जिथे तिचा हात त्याच्या छातीवर टेकला होता तिथे हात नाहीसाच झाला होता.

एरवी दोन माणसं हातभर अंतरावर उभी असती तर यानं काही बिघडलं नसतं. परंतु या फोटोंमधे जोडप्यानं बिलगून उभं राहायचं असतं. एकाचा खांदा दुसऱ्याच्या पाठीवर, एकीची बाही दुसऱ्याच्या छातीवर, अशी एकावर एक आलेली अंगं वेगळी ओळखू यायची तर त्यांच्या कडा दिसल्या पाहिजेत. आणि कड दिसते ती आधी उजेड-अंधाराच्या फरकानं. रंगाचा फरक त्यानंतर. शाळेत मी मुलांना सांगत असे की चित्र रंगवण्याआधी डोळे बारीक करून पाहा, रंग विरतील आणि काळंपांढरं उरेल. स्वतःच्या भाचीच्या वेळी नेमका हाच धडा विसरलो. ज्या मास्तराला आपला धडा आठवायला मोबाईल लागतो त्यानं निवृत्त झालेलंच बरं.

तेव्हा ठरलं की साडी गडद, तर झब्बा उजळ. लगेच बायको म्हणाली, "मग पांढरा घ्या की. पुरुषांना पांढरा शोभतोच." पांढरा झब्बा घरातच होता, तोही घालून पाहिला. आता कड स्वच्छ दिसली, पण दुसरंच संकट उभं राहिलं. फोटोत जे सगळ्यांत उजळ असतं तिकडे डोळा आधी धावतो. जावईबापू उन्हात कंदिलासारखे झळकू लागले. झब्ब्याच्या सुरकुत्यासुद्धा प्रकाशात विरून गेल्या. आणि ज्या पैठणीसाठी हा सारा खटाटोप ती त्यांच्या सावलीसारखी दिसू लागली. नाशिकच्या घाटाचा दगड काळा. काळ्या दगडापुढे पांढरा झब्बा म्हणजे फळ्यावर खडूनं मारलेली फुली.

शेवटी तसर निघालं. रंग न दिलेलं, आपल्या मूळच्या बिस्किटी रंगाचं. आमच्या ओळखीच्या शिंप्यानं सव्वातीन मीटर मागितलं. पन्ना लहान आहे म्हणाला. तसर पांढऱ्याहून मंद आणि पैठणीहून बरंच उजळ. शिवाय त्याचा धागा ओबडधोबड, त्यामुळे शेजारच्या तलम रेशमाशी त्याची स्पर्धा नाही. मोबाईलवर रंग काढून पाहिलं. दोन माणसं, दोन कडा, आणि हात जागच्या जागी.

"पण मामा," भाची म्हणाली, "आता आमचं दोघांचं काहीच एक नाही. कोणीही शेजारी उभं केल्यासारखं वाटतंय."

तिचं म्हणणं खरं होतं. काही एक हवं, पण किती? आम्ही पदर पसरला. पदराच्या जरीत मोर होते, आणि मोरांच्या मधे वेलबुट्टीत डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल. सगळ्या साडीत मिळून तो मूठभरसुद्धा नसेल. बहिणीचं जुनं पोलकं भाचीला होत नव्हतंच. नवं पोलकं त्या डाळिंबी रंगाचं शिवायचं ठरलं. आणि जावयासाठी एक साधं उपरणं, तसरच्याच रंगाचं, त्याला दोन बोटं रुंदीचा डाळिंबी काठ. बस्स. ते दोन डाळिंबी हुबेहूब एक नव्हते, आणि असण्याची गरजही नव्हती. एवढ्याशा जागेतला रंग लांबून पाहताना डोळा आपणच जुळवून घेतो. मोठ्या जागेत तो असा चुकीला क्षमा करीत नाही.

उपरणं खांद्यावर टाकून जावई साडीशेजारी उभा राहिला तेव्हा बायको एकदम म्हणाली, "अहो, हा झब्बा दुकानात इतका बदामी नव्हता!" नव्हताच. पॅरिसमधल्या सरकारी चित्रजवनिकांच्या कारखान्यात, त्याचं नाव गोब्लँ, शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशी विणकरांची तक्रार आली. त्यांनी तपासलं तर रंग निर्दोष होता, दोष शेजारच्या रंगाचा होता. १८३९ साली त्यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या उलट बाजूला ढकलतो. निळ्याहिरव्या पैठणीनं बिचाऱ्या बिस्किटी तसरला किंचित तांबूस, किंचित नारिंगी करून टाकलं होतं. जावयाच्या झब्ब्याचा निम्मा रंग आमच्या बहिणीच्या साडीनं दिलेला होता. हे मी मुलाला समजावून सांगितलं तेव्हा त्यानं झब्ब्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, आणि मान डोलावली. मी मनात म्हटलं, पोरगी चांगल्या घरी पडली.

जागेचा प्रश्न उरला होता. फोटो काढणाऱ्या तरुणाचं म्हणणं, गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात जाऊ. डिसेंबर होता; ऑक्टोबरात छाटणी झालेल्या वेली पानांनी भरलेल्या होत्या आणि दिसायला फार सुरेख. मी विरोध केला नाही, पण पैठणी तिथे न्यायची नाही एवढं सांगितलं. हिरव्यापुढे तिचा हिरवा बाणा बुडाला असता आणि नुसता निळा वर आला असता. तिथे दोघांनी दुसरे कपडे घातले: तिचा मोहरीच्या रंगाचा पायघोळ झगा, त्याचा पांढरा सदरा. पहिले दहा फोटो मांडवाखाली काढले, आणि जावयाची हनुवटी हिरवी आली. पानांतून गाळून आलेला आणि पानांवरून उडालेला उजेड हिरवाच असतो. पांढरा सदरा तो मुकाट्यानं टिपून घेतो. तरुण म्हणाला, नंतर संगणकावर काढून टाकू. पण हिरवेपणा सगळ्या चित्रभर सारखा असता तर तो एका झटक्यात काढता आला असता. तो होता फक्त हनुवटीखाली, गालाच्या खालच्या अंगाला आणि सदऱ्याच्या एका बाजूला. तिथला काढायचा तर कपाळ लाल होतं. मग आम्ही मांडवाबाहेर, बैलगाडीच्या वाटेवर आलो. पायाखाली तांबूस माती, तिचा उजेड चेहऱ्यावर ऊबदार पडला. वेली मागे राहिल्या, दहा-बारा पावलांवर. तेवढं पुरलं. आमच्या आधी तिथे एक जोडपं होतं, मुलगी राणी रंगात आणि मुलगा पांढऱ्यात. त्या मुलाच्या सदऱ्याची एक बाजू गुलाबी झालेली मला लांबून दिसत होती. सांगावंसं वाटलं, पण ओळख नव्हती.

घाटावर आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. रामकुंडाकडे गेलो नाही. तिथे कोणी ना कोणी अस्थी घेऊन आलेलं असतंच. चार वर्षांपूर्वी आम्हीही आलो होतो, आणि तिथे हसऱ्या चेहऱ्याचे फोटो काढणं भाचीला नको होतं. नारोशंकराच्या देवळासमोरच्या पायऱ्यांवर थांबलो. १७४७ सालचं ते देऊळ. दगड उन्हापावसानं काळवंडलेला, पण पहाटेच्या उजेडात त्या काळ्यात करडा, जांभळा, काय काय दिसत होतं.

जुनी पैठणी म्हणजे नाजूक काम. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम त्या घडीवरच फाटतं. बायकोनं आठवडाभर आधी ती उलगडून, सावलीत पसरून, नवी घडी घातली होती. जुन्या घडीची एक रेघ धोक्याची होती, ती निऱ्यांच्या आत जाईल अशा बेतानं नेसवली. ओल्या पायरीवर बसायचं नाही, पदर ओढायचा नाही, गिरकी घ्यायची नाही. फोटोवाल्याला गिरकी फार हवी होती. त्याला ती मिळाली नाही.

जावयाला भाचीच्या अर्धपाऊल मागे उभं केलं, म्हणजे त्याचा उजळ झब्बा तिच्या पदरानं थोडा झाकला जाईल. ऊन वर आलं. तिनं मान वळवली तशी खांद्यावरची साडी निळी होती आणि कमरेखाली हिरवी. नंतर ती एक पायरी उतरली आणि सगळं उलटं झालं. तिच्या बाहीचा डाळिंबी आणि त्याच्या उपरण्याचा डाळिंबी मधेच एकमेकांना दिसल्यासारखे झाले. मला वाटतं फोटोवाल्याचं तेव्हा लक्ष नव्हतं. तो चांदीची तबकडी शोधीत होता.

तरीही फोटो चांगले आले. एक चौकटीत बसवून भाचीनं आम्हाला दिला. बायकोनं तो आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावला आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहत उभी राहिली.

"अहो, तुमचा तो कोट कुठल्या रंगाचा होता हो?"

"तपकिरी," मी म्हटलं. "आणि तुझा शालू हिरवा."

"काहीतरीच! शालू अंजिरी होता. कोट हिरवट होता."

यावर आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. पुरावा काहीच नाही. कोट धाकट्या भावानं फाडला, आणि शालू हिनं एका बोहारणीला जरीसकट देऊन त्यावर एक मोठं पातेलं घेतलं होतं. ते पातेलं अजून आहे. चिवडा त्यातच होतो. आणि तो परत न झालेला निळाजांभळा झब्बा या पाडव्याला मी घालणार आहे, हिनं तसल्याच रंगाची साडी काढली नाही तर.